सप्टेंबरच्या स्लिपवरचे 99,109 रुपये

गोष्ट 2025-26 या आर्थिक वर्षातली आहे आणि मी तेव्हा एका कंपनीच्या पेरोलला होतो. सप्टेंबरचा पगार झाला, त्या महिन्यात बोनसही होता, आणि दुसऱ्या दिवशी एक टीम लीड स्लिप मोबाइलवर उघडून माझ्या टेबलाशी आले. आले ते भांडायला नाही, हे आधी सांगतो, कारण या प्रकरणातली खरी गंमत तिथेच आहे. त्यांचा प्रश्न एवढाच होता की "सर, हे बोनसवर जे 30 टक्के कापतात ते रिटर्न भरल्यावर परत येतं ना?"

स्लिपवर टीडीएसच्या पुढे आकडा होता 99,109. दर महिन्याला त्यांचे 12,567 जायचे. बोनस होता 3 लाख. त्यांनी मनात हिशोब केलेला की 3 लाखाचे 30 टक्के म्हणजे 90 हजार, त्यात नेहमीचे साडेबारा हजार, म्हणजे लाखाच्या वर जायला हवे होते, तर 99 म्हणजे थोडं कमीच कापलंय. म्हणजे आकडा चुकीचा असूनही त्यांना तो बरोबर वाटत होता, कारण डोक्यात जी समजूत होती तिच्याशी तो जवळजवळ जुळत होता. मी पण पहिल्या नजरेला मान डोलावली, खोटं कशाला बोलू. मग त्यांची टॅक्स शीट उघडली आणि दोन मिनिटं गप्प बसलो.

आता आधी त्यांचा बोनसच्या आधीचा हिशोब सांगतो म्हणजे पुढचं लागेल. पगार महिन्याला दीड लाख, सगळा करपात्र, नवीन कर प्रणाली. वर्षाचे 18 लाख. त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे 75 हजार गेले की राहतात 17,25,000. आता स्लॅब लावायचे: पहिल्या 4 लाखांवर काही नाही, 4 ते 8 वर 5 टक्के म्हणजे 20 हजार, 8 ते 12 वर 10 टक्के म्हणजे 40 हजार, 12 ते 16 वर 15 टक्के म्हणजे 60 हजार, आणि 16 च्या वर जे सव्वा लाख उरतात त्यांच्यावर 20 टक्के म्हणजे 25 हजार. बेरीज 1,45,000, त्यावर 4 टक्के सेस, एकूण 1,50,800. याला 12 ने भागलं की महिन्याचे 12,567. बास, एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने हेच कापलं गेलं, एकूण 62,835.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पगारावरचा टीडीएस हा त्या महिन्याच्या पगारावरचा टॅक्स नसतोच. 2025-26 पर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा 1961 चं कलम 192 असं सांगत होतं की मालकाने कर्मचाऱ्याच्या पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज धरायचा, त्यावर वर्षाचा टॅक्स काढायचा, आणि पगार देताना त्या सरासरी दराने कापत जायचं. म्हणजे एप्रिलमध्ये जे 12,567 कापले ते "वर्षाला 18 लाख मिळणार" या गृहीतकावर कापलेले आहेत. गृहीतक बदललं की उरलेल्या महिन्यांचं कापणं बदलतं. त्याच कलमाची पोटकलम 3 मालकाला मोकळीक देत होती की आधी कमी कापलं गेलं असेल किंवा जास्त, तर ते त्याच आर्थिक वर्षात पुढच्या कपातीत वाढवून किंवा घटवून जुळवून घ्या. पेरोलचं सगळं गणित या दोन वाक्यांवर चालतं, बाकी सॉफ्टवेअरची सजावट.

आता सप्टेंबरमध्ये 3 लाख बोनस आला. वर्षाचा अंदाज 18 वरून 21 लाख झाला, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन 20,25,000. बोनसला वेगळा दर नाही, वेगळा कप्पा नाही, कायद्याच्या नजरेत तो पगारच आहे. फक्त तो आधीच्या उत्पन्नाच्या डोक्यावर जाऊन बसतो. 17,25,000 पासून 20 लाखापर्यंतचे पावणेतीन लाख 20 टक्क्याच्या स्लॅबमध्ये गेले, त्याचे 55,000, आणि वरचे 25 हजार 25 टक्क्यात गेले, त्याचे 6,250. झाले 61,250, सेस धरून 63,700. म्हणजे वर्षाचा टॅक्स 1,50,800 वरून 2,14,500.

हा 63,700 चा आकडा नीट लक्षात ठेवा, पुढे तोच सगळीकडे येणार आहे. बोनसच्या 21 टक्क्यांपेक्षा किंचित जास्त. 30 टक्के नाही, कारण 30 टक्क्याचा स्लॅब 24 लाखाच्या वर सुरू होतो आणि हे तिथे पोचलेच नाहीत. पण लोकांना बोनसवर जास्त कापल्यासारखं वाटतं त्याला कारण आहे, ती निव्वळ अफवा नाही. नेहमीच्या पगारावर त्यांचा सरासरी टॅक्स साडेआठ टक्क्यांच्या आतच होता, कारण त्यात खालचे स्वस्त स्लॅब मिसळलेले असतात. ते स्वस्त स्लॅब एप्रिलपासूनच्या पगाराने वापरून टाकले, बोनसच्या वाट्याला फक्त वरचा महाग मजला आला. म्हणून पगाराच्या स्लिपची सवय असलेल्या माणसाला बोनसचं कापणं अडीचपट दिसतं, आणि तिथूनच "बोनसवर 30 टक्के" जन्माला येतं.

तर मग त्या महिन्यात कापायला किती हवं होतं? याची दोन बरोबर उत्तरं आहेत आणि दोन्ही मी वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये पाहिलेली आहेत.

एक पद्धत म्हणजे बोनसमुळे वाढलेला टॅक्स बोनसच्याच महिन्यात पूर्ण घ्यायचा. सप्टेंबरला 12,567 अधिक 63,700 म्हणजे 76,267, आणि ऑक्टोबरपासून परत आपले 12,567. दुसरी पद्धत, वाढलेला टॅक्स उरलेल्या महिन्यांत वाटायचा. सप्टेंबर धरून मार्चपर्यंत सात महिने, 63,700 भागिले 7 म्हणजे 9,100, तर सप्टेंबरला 21,667 आणि पुढेही दर महिन्याला 21,667. मार्चला दोन्हीची बेरीज 2,14,500 च. पहिल्या पद्धतीत बोनसचा महिना जड जातो आणि नंतर मोकळं, दुसरीत बोनस हातात छान येतो आणि मग सहा महिने पगार 9,100 ने बारीक. आमच्याकडे दुसरी पद्धत सेट होती, म्हणजे या साहेबांच्या स्लिपवर 21,667 दिसायला हवे होते. दिसत होते 99,109.

आणि हे पहिल्या पद्धतीच्या आकड्याशीही जुळत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो होतो. 76 हजार असते तर म्हटलं असतं कुणीतरी सेटिंग बदललं.

टॅक्स शीटवर मी सगळ्यात आधी टॅक्सची ओळ बघत नाही, वर्षाच्या अंदाजित ग्रॉसची ओळ बघतो, ही सवय मला एका जुन्या सीनियरने लावली आणि त्या दिवशी तिचा फायदा झाला. तिथे 21 लाख असायला हवे होते. होते 39 लाख. आता 39 वजा 18 म्हणजे 21, आणि 21 लाख म्हणजे 3 लाख गुणिले 7. सॉफ्टवेअरने असं धरलं होतं की सप्टेंबरला जसे 3 लाख मिळाले तसे मार्चपर्यंत दर महिन्याला मिळणार आहेत. आता हे झालं कसं, तर पेरोलमध्ये प्रत्येक पे कंपोनंटला एक सेटिंग असतं, टॅक्सच्या अंदाजासाठी हा पुढच्या महिन्यांत धरायचा की फक्त जेवढा दिला तेवढाच मोजायचा. बेसिक, एचआरए वगैरे पुढे धरायचे असतात, बोनस, इन्सेंटिव्ह, लीव्ह एन्कॅशमेंट हे एकदाच मोजायचे असतात. त्या वर्षी बोनससाठी नवीन कंपोनंट बनवला होता आणि तो "स्पेशल अलाउन्स"ची कॉपी करून बनवला होता, साहजिकच अलाउन्सचं सेटिंगही त्याच्यासोबत आलं. पैसे एकदाच गेले, कारण ते वेगळ्या इनपुट फाइलमधून गेले, पण टॅक्सच्या अंदाजात तो सात वेळा मोजला गेला.

मी कागदावर पडताळून पाहिलं. 39 लाखातून 75 हजार गेले, 38,25,000. 24 लाखापर्यंतचा टॅक्स 3 लाख, वरच्या सव्वाचौदा लाखांवर 30 टक्के म्हणजे 4,27,500, एकूण 7,27,500, सेस धरून 7,56,600. त्यातून आधी कापलेले 62,835 वजा केले आणि सातने भागलं. 99,109. रुपयाला रुपया जुळला, आणि मग शंका राहिली नाही.

त्यांना मी म्हटलं, "सर, तुमचं 77 हजार जास्त कापलं गेलंय, आणि ते रिटर्नपर्यंत थांबायची गरज नाही, पुढच्या महिन्यापासून जुळेल."

ते म्हणाले, "म्हणजे 30 टक्के नसतं का?"

मी म्हटलं नसतं, तुमच्या पगाराला तर नाहीच. मग कागदावर वरचा सगळा हिशोब त्यांना करून दाखवला.

पगाराची बँक फाइल गेलेली होती, त्यामुळे सप्टेंबरचं काही करता येत नव्हतं (सप्टेंबरचा टीडीएस 7 ऑक्टोबरपर्यंत सरकारकडे भरायचा असतो, पण स्लिप निघाली, लोकांच्या खात्यात पैसे गेले, आता तो महिना उलटवून परत चालवणं म्हणजे अकाउंट्सला आणखी एक ताप, तो आम्ही घेतला नाही, कारण कायदा पुढच्या महिन्यात जुळवायला देतोच). ऑक्टोबरचा हिशोब असा होणार होता: वर्षाचा खरा टॅक्स 2,14,500, त्यातून पाच महिन्यांचे 62,835 आणि सप्टेंबरचे 99,109 गेले, उरले 52,556, भागिले सहा महिने, म्हणजे 8,759. म्हणजे ऑक्टोबरपासून त्यांचं कापणं नेहमीच्या 12,567 पेक्षाही कमी होणार.

आणि यात एक चकवा आहे तो सांगायलाच हवा. मी सेटिंग दुरुस्त केलं नसतं तरीही ऑक्टोबरला हे बरंचसं आपोआप झालं असतं, कारण ऑक्टोबरमध्ये बोनस दिलाच नाही तर सॉफ्टवेअर पुढे धरायला काही सापडत नाही आणि अंदाज परत 21 लाखावर येतो. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एका महिन्यात खड्डा पडतो, पुढच्या महिन्यापासून तो भरायला लागतो, वर्षअखेरीचा हिशोब अगदी स्वच्छ दिसतो. फक्त माणसाचे 77 हजार काही महिने विनाकारण अडकतात. पण तीच चूक फेब्रुवारीच्या बोनसमध्ये झाली तर भरून काढायला मार्च हा एकच महिना उरतो, आणि एकदम कापायची पद्धत असेल तर मार्चची कपात शून्यावर आणूनही जास्तीचं पुरत नाही, मग मात्र खरंच रिटर्न भरून रिफंडची वाट बघावी लागते.

ओळखायचं कसं, तर स्लिपवरून ओळखणं अवघड आहे, स्लिपवर फक्त त्या महिन्याचा आकडा असतो. टॅक्स शीट मागा किंवा पोर्टलवर असेल तर उघडा आणि वर्षाचा ग्रॉस बघा: तुमचा 12 महिन्यांचा पगार अधिक एकदा बोनस, एवढाच आहे का. आणि स्लिपवरूनच बघायचं असेल तर बोनसच्या नंतरचा महिना बघा. बोनसच्या पुढच्या महिन्यात टीडीएस बोनसच्या आधीपेक्षा कमी झाला, आणि मध्ये तुम्ही कुठलंही नवीन डिक्लेरेशन दिलेलं नाही, तर बोनसच्या महिन्यात जास्त कापलं गेलं होतं असं समजा. बरोबर चाललं असेल तर नंतरचा टीडीएस एकतर आधीइतकाच असतो किंवा जास्त असतो, कमी सहसा नसतो.

आता परत त्या दोन पद्धतींकडे येतो, कारण साहेबांनी पुढचा प्रश्न तोच विचारला की मग आपल्या कंपनीने वाटून का ठेवलंय, आधीच्या कंपनीत तर एकदम कापायचे.

एकदम कापणाऱ्यांचं म्हणणं असतं की माणूस बोनस घेऊन राजीनामा देतो, मग उरलेला टॅक्स कुणाकडून कापायचा. ऐकायला पटतं. पण हे गणित करून बघा. समजा हे साहेब नोव्हेंबरअखेर सोडून गेले. मग त्यांचा आमच्याकडचा पगार आठ महिन्यांचा, 12 लाख, अधिक बोनस 3 लाख, एकूण 15 लाख. डिडक्शन जाऊन 14,25,000, त्यावर टॅक्स सेससकट 97,500. आणि वाटून कापण्याच्या पद्धतीने ऑक्टोबरपर्यंतच त्यांचे 1,06,169 कापलेले असते. म्हणजे सोडून जाताना वसुली राहिली दूर, उलट साडेआठ हजार जास्तच गेलेले. एकदम कापलं असतं तर दीड लाखाच्या वर गेले असते, म्हणजे 54 हजार जास्त. कारण सोडून गेला की पुढचे पगार अंदाजातून जातात, आणि वरचे मजले रिकामे होतात. तर ही भीती वर्षाच्या मधल्या बोनसला तरी फारशी लागू पडत नाही.

धोका आहे, पण तो मालकाला नाही, माणसाला आहे. नवीन कंपनीत गेल्यावर आधीचा पगार आणि टीडीएस नवीन मालकाला सांगायचा असतो, 2025-26 मध्ये त्यासाठी फॉर्म 12बी होता. नाही सांगितलं तर नवीन कंपनीला वाटतं या माणसाचं उत्पन्न डिसेंबर ते मार्च एवढंच, समजा तिथेही दीड लाख, म्हणजे 6 लाख, त्यावर रिबेटमुळे टॅक्स शून्य, ती काहीच कापत नाही. खालचे स्वस्त स्लॅब दोनदा वापरले जातात. आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना दोन्ही बेरजा एकत्र येतात, 21 लाख, टॅक्स 2,14,500, कापलेले 1,06,169, आणि माणूस लाखाच्या वरचा आकडा बघून सीएला शिव्या घालतो, वर त्याच्यावर व्याजही. सीएची काय चूक.

मला स्वतःला वाटून कापणं बरं वाटतं, पण एक अट आहे की लोकांना आधी सांगा. बोनसच्या ईमेलमध्ये एक ओळ टाका की पुढचे सहा महिने हातात 9,100 कमी येतील. नाहीतर सप्टेंबरला कुणी बोलत नाही, आणि ऑक्टोबरला निम्मं ऑफिस येऊन विचारतं की पगार कमी कसा झाला, बोनस तर गेल्या महिन्यात होता. आणि महिना जसा पुढे सरकतो तसा वाटण्याचा फायदा आटत जातो, हेही खरं. हाच बोनस जानेवारीत असता तर तीन महिन्यांत वाटून जानेवारीला 33,800 गेले असते. मार्चमध्ये असता तर वाटायला कुणी उरतच नाही, सरळ 76,267, तिथे दोन्ही पद्धती एकच होतात. उलट काही कंपन्या अपेक्षित बोनस एप्रिलपासूनच अंदाजात धरतात, मग पहिल्या महिन्यापासून 17,875 जातात आणि बोनसच्या महिन्यात टीडीएस हलतच नाही. त्यात भानगड अशी की बोनस कमी आला किंवा आलाच नाही तर तुम्ही न मिळालेल्या पैशांवर महिनोन् महिने टॅक्स भरलेला असतो, तो परत जुळतो म्हणा, पण माणसाच्या डोक्याला ताप होतो तो होतोच.

याच बोनसच्या फेरीत आणखी एकजण होत्या, त्यांची केस वेगळी आणि माझ्या मते जास्त बोचणारी, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचा पगार महिन्याला 1,05,000, वर्षाचे 12,60,000, डिडक्शन जाऊन 11,85,000. नवीन प्रणालीत 12 लाखापर्यंत कलम 87ए ची रिबेट, म्हणून टॅक्स शून्य आणि पाच महिने टीडीएस पण शून्य. त्यांना दीड लाख बोनस मिळाला. उत्पन्न झालं 13,35,000, म्हणजे 12 लाखाची रेषा ओलांडली, आणि रेषा ओलांडली की रिबेट पूर्ण जाते, टॅक्स फक्त वरच्या भागावर लागून थांबत नाही, 4 लाखापासूनचा सगळा लागतो. 20 हजार, 40 हजार, आणि वरच्या 1,35,000 वर 15 टक्के म्हणजे 20,250, एकूण 80,250, सेस धरून 83,460. दीड लाखाच्या बोनसवर 83 हजार, निम्म्याहून जास्त, आणि यात कुठलीही चूक नाही, सेटिंग बिटिंग सगळं बरोबर धरूनही आकडा हाच. सात महिन्यांत वाटला तर 11,923 महिन्याला, एकदम कापला तर सगळा सप्टेंबरला.

त्या मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पण "30 टक्के का कापले" असंच विचारलं होतं, आणि मला सांगावं लागलं की मॅडम 30 नाही, 55 पडतायत. (त्यांना मी खुर्ची आधी दिली.) त्यांच्या बोनसवरचा दर खरा जास्त नव्हता, पण आधीचे 12 लाख जे फुकट सुटत होते ते बोनसने उघडे पाडले, त्याची किंमत बोनसच्या नावावर लागली. रेषा थोडीशी ओलांडली तर मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे रेषेच्या वर जेवढे रुपये गेले त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत, सेस सोडून. त्यांचा बोनस 40 हजार असता तर उत्पन्न 12,25,000 झालं असतं आणि टॅक्स 63,750 ऐवजी 25 हजार अधिक सेस एवढाच लागला असता. पण दीड लाखाला तो रिलीफ लागू होत नाही, कारण रेषेच्या वरचे 1,35,000 हे टॅक्सपेक्षा जास्तच आहेत. अशा पगारावर असाल आणि ज्यांच्याकडे एनपीएसचा मालकाचा हिस्सा घ्यायची सोय असेल त्यांनी बोनसच्या आधीच एचआरशी बोलावं, नवीन प्रणालीत ती वजावट चालते, बोनस झाल्यावर मात्र करण्यासारखं फार कमी उरतं.

तर साहेबांकडे परत. सेटिंग बदललं, बोनस मिळालेल्या सगळ्यांच्या शीट परत चालवल्या, सगळ्यांच्याच तशा होत्या, आणि त्या सगळ्यांत मिळून फक्त दोघांनी विचारलं होतं, हे साहेब आणि वरच्या मॅडम, बाकीच्यांनी 30 टक्के कापतात असं म्हणून सोडून दिलेलं. मेल टाकला, कुणाला किती परत जुळणार ते प्रत्येकाच्या शीटवर लिहून दिलं.

ऑक्टोबरची स्लिप निघाली. टीडीएस 8,759. साहेब सकाळीच टेबलाशी.

"सर, आता कमी का कापलं? नंतर एकदम घेणार का मार्चमध्ये?"

मी शीट उघडली, ग्रॉसच्या ओळीवर बोट ठेवलं, 21 लाख. मग म्हटलं, मार्चला 8,761 जातील, राउंडिंगचे दोन रुपये जास्त, ते तेवढे देऊन टाका.

"नक्की ना?" म्हणाले. मार्चला ते परत आले होते स्लिप घेऊन. दोन रुपयेच होते.